बालदिनाच्या छायाचित्र स्पर्धेची जाहिरात : एका पत्रकाची दुरुस्ती

खेळण्यांच्या दुकानाने बालदिनानिमित्त घेतलेल्या छायाचित्र स्पर्धेची जाहिरात म्हणजे दुकानदाराने गावाला दिलेले लेखी वचन असते. कोण भाग घेऊ शकेल, छायाचित्र कसे आणि कधीपर्यंत द्यायचे, निवड कोण करणार, काय मिळणार आणि त्या छायाचित्राचे पुढे काय होणार, या पाच प्रश्नांची उत्तरे त्या एका कागदात असावी लागतात. एकही उत्तर राहिले, तर निकालाच्या दिवशी त्याच जागी वाद होतो, आणि त्या वादात एखादे लहान मूल हिरमुसले होऊन उभे असते.

आपल्याकडे बालदिन 14 नोव्हेंबरला, म्हणजे जवाहरलाल नेहरूंच्या जन्मदिवशी असतो.   महाराष्ट्रात ही तारीख दिवाळीच्या आसपास येते. त्या दिवसांत दुकानात गर्दी असते, मुलांना सुट्टी असते आणि मामा, काका, आजोबा असे सगळे खरेदीला बाहेर पडलेले असतात. त्यामुळे स्पर्धा भरवण्याची कल्पना दुकानदाराला नेमकी याच वेळी सुचते आणि पत्रक घाईत छापले जाते.

अशा घाईच्या पत्रकाचा मजकूर साधारण पुढीलप्रमाणे असतो. हा नमुना आहे, पण त्यातले प्रत्येक वाक्य अशा पत्रकांवर वारंवार दिसते.

“बालदिनानिमित्त भव्य फोटो स्पर्धा! 10,000 रुपयांपर्यंतची आकर्षक बक्षिसे! गट पहिला : 3 ते 6 वर्षे, गट दुसरा : 6 ते 10 वर्षे. 500 रुपयांच्या खरेदीवर प्रवेश मोफत. आपल्या लाडक्याचा फोटो 10 तारखेपर्यंत व्हॉट्सॲप करा. सर्वाधिक लाइक मिळवणारा फोटो विजेता. आलेले सर्व फोटो दुकानाच्या मालकीचे राहतील. नियम व अटी लागू.”

यात दुकानदाराचा हेतू वाईट नाही, तरीही हे पत्रक जवळजवळ प्रत्येक ओळीत अडखळते.

सर्वांत आधी प्रवेशाची अट पाहू. 500 रुपयांची खरेदी केल्यावर मिळणारा प्रवेश मोफत नसतो. भ्रामक जाहिराती रोखण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. ग्राहकाला प्रतिसाद देण्याचा किंवा वस्तू घरी आणण्याचा अटळ खर्च सोडून आणखी काही मोजावे लागत असेल, तर ‘मोफत’ हा शब्द वापरता येत नाही, असे त्यांत म्हटले आहे. मुलांसाठीच्या जाहिरातींचा विचार तर त्यांत वेगळा केलेला आहे. मुलांचा भाबडेपणा आणि अननुभव यांचा फायदा घेऊ नये, आणि वस्तू घ्या किंवा आई-बाबांना घ्यायला लावा असे मुलांना थेट सांगू नये, हा त्याचा गाभा. खेळण्यांच्या दुकानात उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या मुलाला “पाचशेचे घेतलेस तर फोटो लागेल” असे सांगणे म्हणजे नेमके तेच करणे होय.

याखेरीज ग्राहक संरक्षण कायदा, 2019 आहे. त्यातली ‘अनुचित व्यापार प्रथा’ची व्याख्या बरीच रुंद आहे. जाहीर केल्याप्रमाणे देण्याचा इरादा नसताना बक्षीस जाहीर करणे तिच्यात येते, आणि विक्री वाढवण्यासाठी घेतलेल्या स्पर्धा व सोडतीही येतात. स्पर्धा कौशल्याची असली तरी ती खरेदीला जोडली की या व्याख्येच्या जवळ सरकते. त्यामुळे खरेदीची अट काढूनच टाकावी आणि “भाग घेण्यासाठी कोणतीही खरेदी करण्याची गरज नाही” हे वाक्य ठळक छापावे. याने दुकानदाराचे नुकसान होत नाही. अर्ज घ्यायला आणि निकाल पाहायला माणसे दुकानात येतातच.

वयोगटाची चूक छोटी आहे, पण भांडण लावणारी आहे. 3 ते 6 आणि 6 ते 10 असे गट केले, तर सहा वर्षांच्या मुलाने कोठे जायचे? आई त्याला धाकट्या गटात घालते आणि शेजारच्या मुलीची आई त्यावर हरकत घेते. वय कोणत्या दिवशीचे धरायचे हेही लिहिलेले नसते. “14 नोव्हेंबर 2026 रोजी पूर्ण झालेली वर्षे 3, 4, 5 किंवा 6 असतील तर पहिला गट, 7, 8, 9 किंवा 10 असतील तर दुसरा गट” असे लिहिले की शंकेला जागा उरत नाही.

तारखेचेही तसेच. “10 तारखेपर्यंत” म्हणजे दहा तारीख धरून की सोडून, आणि रात्री बारापर्यंत की दुकान बंद होईपर्यंत? शिवाय 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आणि भाऊबीज 11 नोव्हेंबरला आहे. त्या आठवड्यात दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते आणि घरोघरी आयांनाही नसते. दसऱ्याला, 20 ऑक्टोबरला प्रवेश सुरू करून 5 नोव्हेंबरला, गुरुवारी रात्री 8 वाजता बंद केले, तर पालकांना सतरा दिवस मिळतात आणि परीक्षकांना निवडीसाठी आठवडा मिळतो. 14 नोव्हेंबर शनिवारी येतो. त्या संध्याकाळी निकाल लावणे सर्वांना सोयीचे पडते.

आता छायाचित्राविषयी. “लाडक्याचा फोटो” या शब्दांतून विषय कळत नाही. विषय दिला नाही की स्टुडिओत नटवून काढलेली, पडद्यापुढची छायाचित्रे येतात आणि स्पर्धा गोंडस चेहऱ्यांची होते. कोणाचे मूल अधिक गोंडस हे ठरवणे हा मुलांवर अन्याय आहे, आणि खेळण्यांच्या दुकानाने तरी तो करू नये. “खेळात रमलेले मूल” असा विषय दिला की चित्र पालटते. भातुकली मांडून बसलेली मुलगी, ठोकळ्यांचा मनोरा ढासळताना पाहणारा मुलगा, सावंतवाडीचा लाकडी भोवरा हातावर घेणारी बहीण, दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे उभे करणारी भावंडे यांची छायाचित्रे येतात. यात खेळणे महाग असण्याची गरज नसते. खेळणे कोणतेही चालेल, या दुकानातून घेतलेले असण्याची आवश्यकता नाही, हेही पत्रकात सांगावे. नाहीतर खोक्यावरचे नाव कॅमेऱ्याकडे वळवून काढलेली छायाचित्रे येतात.

छायाचित्र कोणी काढायचे हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. मुलाने काढलेले छायाचित्र आणि मुलाचे काढलेले छायाचित्र या दोन निराळ्या स्पर्धा आहेत. तीन-चार वर्षांच्या गटात दुसरीच शक्य आहे, म्हणून “छायाचित्र घरातील मोठ्या व्यक्तीने मोबाइलवर किंवा कॅमेऱ्याने काढलेले असावे” असे सरळ लिहावे.

व्हॉट्सॲपवर छायाचित्र मागवताना एक तांत्रिक अडचण येते आणि ती निकालाच्या आदल्या दिवशी लक्षात येते. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलने काढलेले छायाचित्र सुमारे 4000 बाय 3000 बिंदूंचे असते. नेहमीच्या पद्धतीने पाठवल्यावर ते आकसते आणि त्याची लांब बाजू सुमारे 1600 बिंदूंवर येते. चांगल्या छपाईसाठी इंचाला 300 बिंदू लागतात. या हिशेबाने 1600 बिंदूंत जेमतेम सव्वापाच इंच लांबीची छपाई नीट होते. दुकानात लावायला 8 बाय 10 इंचांचे छायाचित्र हवे असेल, तर 2400 बाय 3000 बिंदू लागतात. म्हणून छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, असे पत्रकात सांगावे लागते. तसे पाठवले की मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते.

पण मूळ फाइलबरोबर तिच्यात दडलेली माहितीही पोहोचते. छायाचित्र कधी काढले आणि मोबाइलमधले स्थान चालू असेल तर ते कोठे काढले, हे त्या फाइलमध्ये नोंदलेले असते. घरी काढलेल्या छायाचित्रात ती घराचीच जागा असते. म्हणून मूळ फाइल फक्त छपाईसाठी वापरावी आणि ती पुढे कोणालाही पाठवू नये. निकालाचे छायाचित्र कोठे टाकायचे झाले, तर छापील प्रतीचे पुन्हा काढलेले छायाचित्र टाकावे. लहान मुलांच्या बाबतीत एवढी काळजी घेणे हे दुकानाचे कर्तव्य आहे.

विजेता लाइक मोजून ठरवण्याची पद्धत सोपी वाटते, पण ती सर्वांत वाईट आहे. ज्याचे नातेवाईक जास्त त्याला मते जास्त मिळतात. मते विकतही मिळतात. त्याहून गंभीर म्हणजे मते मागण्यासाठी पालक मुलाचे छायाचित्र नावासह शेकडो अनोळखी लोकांपर्यंत पाठवतात. चिठ्ठी काढून विजेता ठरवणे त्याहून धोक्याचे, कारण निवड गुणांवर न होता नशिबावर झाली आणि सहभागासाठी पैसे किंवा खरेदी लागली, तर ती सोडत होते आणि सोडतीचे कायदे कडक आहेत. त्यापेक्षा तीन परीक्षक नेमावेत : एखादे चित्रकला शिक्षक, गावातले छायाचित्रकार आणि बालवाडीच्या एखाद्या बाई. प्रत्येकाने 100 पैकी गुण द्यावेत. विषयाला 50, टिपलेल्या क्षणाला 30 आणि मांडणी व प्रकाशाला 20 ही वाटणी पत्रकातच छापावी. मग महागडा कॅमेरा असलेल्याला फार तर 20 गुणांत फायदा मिळतो. परीक्षकांसमोर छायाचित्रे क्रमांक घालून, नावे झाकून ठेवावीत. गुण सारखे झाले तर बक्षीस विभागून द्यायचे की दोघांना पूर्ण द्यायचे, हेही आधीच ठरवावे. मुलांच्या स्पर्धेत दोघांना पूर्ण देणेच बरे, कारण अर्धे खेळणे कोणालाच नको असते.

बक्षिसाच्या शब्दांत सर्वांत जास्त चुका होतात. “10,000 रुपयांपर्यंतची आकर्षक बक्षिसे” हे वाक्य वाचणाऱ्याला पहिले बक्षीस दहा हजारांचे वाटते. दुकानदाराच्या मनात ती सगळ्या बक्षिसांची बेरीज असते, आणि ‘पर्यंत’ या शब्दाने ती बेरीजही पातळ होते. बक्षीस सांगताना क्रमांक, संख्या, वस्तू आणि किंमत या चार गोष्टी लिहाव्यात आणि ‘पर्यंत’, ‘आकर्षक’, ‘भव्य’ हे शब्द गाळावेत.

किमतीतही एक खोच आहे. समजा, दुकान छापील किमतीवर नेहमी 20 टक्के सूट देते. “2,000 रुपयांची खेळणी” असे लिहून छापील किमतीने खेळणी दिली, तर तीच खेळणी रोजच्या गिऱ्हाइकाला 1,600 रुपयांत मिळत असतात. विजेत्याला 1,600 रुपयांचेच बक्षीस मिळाले आणि पालकांना ते पावती पाहून कळते. म्हणून “दुकानातील रोजच्या विक्रीच्या किमतीने 2,000 रुपयांची खेळणी” असे शब्द हवेत. कुपन दिले तर त्याची मुदत, ते एकाच वेळी वापरायचे की तुकड्यांत, आणि सूट असलेल्या मालावर चालेल की नाही, हे कुपनावरच छापावे. “2,000 रुपयांचे कुपन” आणि “2,000 रुपयांच्या खरेदीवर सूट देणारे कुपन” यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसऱ्यात विजेत्यालाच खिशात हात घालावा लागतो.

खेळणे बक्षीस म्हणून दिले तरी ते सुरक्षितच असावे लागते. खेळण्यांच्या गुणवत्तेचा केंद्र सरकारचा आदेश 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे, आणि त्यानुसार 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणी केलेल्या कारागिरांनी हाताने बनवलेल्या खेळण्यांना सवलत आहे. सुटे बारीक भाग असलेले खेळणे तीन-चार वर्षांच्या विजेत्याला देऊ नये. बक्षीस आधीच बांधून ठेवण्यापेक्षा “वयाला योग्य अशी खेळणी बालकाने स्वतः निवडावीत” हा पर्याय उत्तम. दुकानात मोकळे सोडलेले आणि किंमत न विचारता खेळणे उचलणारे मूल, याहून मोठा समारंभ दुकानाला करता येणार नाही. एकेक बक्षीस 10,000 रुपयांच्या बरेच आत ठेवले की बक्षिसावरच्या आयकर कपातीचा प्रश्नही उद्भवत नाही.

“आलेले सर्व फोटो दुकानाच्या मालकीचे राहतील” हे वाक्य जुन्या पत्रकांवरून उचलले जाते. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे छायाचित्राचा हक्क ते काढणाऱ्याचा असतो. मामाने काढले तर मामाचा. पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतले, तर वेगळा करार नसल्यास ते काढून घेणाऱ्याचा. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीचा दस्त लागतो. पत्रकातल्या एका ओळीने तो बदलत नाही. परवानगी लेखी दिली आणि मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षे धरतो. चार वर्षांच्या मुलीचे छायाचित्र ती नऊ वर्षांची होईपर्यंत दुकानाच्या जाहिरातीत राहू शकेल, असा याचा अर्थ होतो. एवढे मागण्याचे दुकानाला कारणच नाही. दुकानात लावणे आणि निकाल जाहीर करणे, एवढ्यापुरती, तारीख घालून परवानगी मागावी.

ही परवानगी मुलाची चालत नाही. 18 वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार आपल्या कायद्यात करारच ठरत नाही. टप्प्याटप्प्याने अमलात येत असलेला वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 हाही मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. म्हणून दुकानात छापील अर्ज ठेवावा आणि त्यावर आई, वडील किंवा कायदेशीर पालकाने येऊन सही करावी. छायाचित्र आजोबांनी पाठवले तरी सही आई-वडिलांचीच लागते, आणि चित्रात शेजारचे मूल असेल तर त्याच्या आई-वडिलांचीही लागते. अर्जावर दोन चौकटी वेगळ्या असाव्यात : एक स्पर्धेत भाग घेण्याची, दुसरी छायाचित्र दुकानात लावण्याची. दुसरीवर खूण न करणाऱ्याचे छायाचित्रही परीक्षकांपुढे जायला हवे.

या सगळ्या दुरुस्त्या केल्यावर पत्रक असे होते :

“बालदिन छायाचित्र स्पर्धा 2026. विषय : खेळात रमलेले मूल.

भाग घेण्यासाठी कोणतीही खरेदी किंवा शुल्क नाही. 14 नोव्हेंबर 2026 रोजी 3 ते 6 वर्षे पूर्ण असलेली मुले पहिल्या गटात आणि 7 ते 10 वर्षे पूर्ण असलेली मुले दुसऱ्या गटात. एका बालकाचे एकच छायाचित्र. दुकानाचे मालक, कर्मचारी आणि परीक्षक यांच्या घरातील मुलांना भाग घेता येणार नाही.

छायाचित्र घरातील मोठ्या व्यक्तीने काढलेले असावे. खेळणे कोणतेही चालेल. अंगावर पुरेसे कपडे नसलेल्या, रडणाऱ्या किंवा धोक्याच्या जागी असलेल्या मुलाचे छायाचित्र घेतले जाणार नाही. शाळेचे नाव किंवा घराचा पत्ता दिसू नये.

अर्ज दुकानात मिळेल. त्यावर आई, वडील किंवा कायदेशीर पालकाची सही आवश्यक. मूळ छायाचित्र अर्जावरील क्रमांकावर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. अर्ज आणि छायाचित्र 20 ऑक्टोबर ते 5 नोव्हेंबर, रात्री 8 वाजेपर्यंत स्वीकारले जाईल.

तीन परीक्षक 100 पैकी गुण देतील : विषय 50, क्षण 30, मांडणी व प्रकाश 20. समान गुण मिळाल्यास दोघांनाही पूर्ण बक्षीस.

प्रत्येक गटात : प्रथम, 2,000 रुपयांची खेळणी, द्वितीय, 1,200 रुपयांची खेळणी, तृतीय, 700 रुपयांची खेळणी, उत्तेजनार्थ दोन, प्रत्येकी 300 रुपयांची खेळणी. किमती दुकानातील रोजच्या विक्रीच्या दराने. बालकाने आपल्या वयाला योग्य खेळणी स्वतः निवडावीत. बक्षिसाऐवजी रोख रक्कम मिळणार नाही. बक्षीस 31 डिसेंबर 2026 पर्यंत घेता येईल.

निकाल 14 नोव्हेंबर, संध्याकाळी 5 वाजता दुकानात लावला जाईल. विजेत्यांचे फक्त पहिले नाव, वय आणि गट जाहीर होईल. पालकांनी संमती दिलेली छायाचित्रे 30 नोव्हेंबरपर्यंत दुकानात लावली जातील. सर्व फाइल 31 डिसेंबर 2026 रोजी पुसल्या जातील.”

या स्पर्धेचा खर्च मोजता येतो. एका गटात 2,000, 1,200, 700 आणि दोन वेळा 300 मिळून 4,500 रुपये होतात. दोन गटांचे 9,000. हाच आकडा पत्रकाच्या वर “एकूण 9,000 रुपयांची दहा बक्षिसे” असा छापता येतो, आणि तो अक्षरशः खरा असतो.

नव्या पत्रकात ‘नियम व अटी लागू’ हे शब्द कोठेही नाहीत, कारण सगळे नियम तिथेच आहेत. जागा कमी पडली म्हणून एखादी अट खाली टाकावी लागलीच, तर ती मुख्य मजकुराच्याच भाषेत आणि त्याच अक्षरात हवी, असे 2022 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. वर मराठी आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजी अटी, ही नेहमीची मांडणी त्यामुळे बसत नाही. “परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील” हे वाक्य गुणांपुरते ठीक आहे, म्हणून ते हवे तर घालावे; मात्र जाहीर केलेले बक्षीस दिले नाही, तर ग्राहक आयोगाकडे जाण्याचा पालकाचा मार्ग त्याने बंद होत नाही.

निकाल जाहीर करणे ही केवळ सौजन्याची गोष्ट नाही. योजना संपल्यावर भाग घेणाऱ्यांना अंतिम निकाल न कळवणे, हेही 2019 च्या कायद्याने अनुचित व्यापार प्रथांत धरले आहे. जाहिरात वर्तमानपत्रात दिली असेल, तर निकालही वाजवी मुदतीत त्याच वर्तमानपत्रात ठळकपणे दिला की कळवल्यासारखे मानले जाते. पत्रक वाटून स्पर्धा जाहीर केली असेल, तर निकालाचा कागद दुकानाच्या दारात निदान दोन आठवडे राहू द्यावा आणि बक्षिसे घेतल्याच्या पालकांच्या सह्या एका वहीत ठेवाव्यात.